‘वहिवाट’ कशाची? बारा, वीस आणि तीस वर्षांचा घोळ

(कायद्याचे विद्यार्थी आणि न्यायाधीशपदाच्या स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींसमोर झालेलं व्याख्यान)



तुमच्यापैकी बरेच जण परीक्षेच्या तयारीत आहेत, म्हणून फळ्यावर आधी एक प्रश्नच लिहिते. ‘महाराष्ट्रात सरकारी जमिनीवरून जाण्या-येण्याचा हक्क दीर्घ वहिवाटीने मिळण्यासाठी किती वर्षं लागतात?’ पर्याय चार: अ) १२, ब) २०, क) ३०, ड) ६०.

हात वर करा. बारा म्हणणारे पाच-सहा, वीस म्हणणारे सर्वांत जास्त, तीस म्हणणारे थोडे आणि साठ म्हणणारा एकच. बरोबर उत्तर तीस आहे. पण मला बाकीच्या तीन पर्यायांत जास्त रस आहे, कारण त्यातला एकही आकडा पेपर काढणाऱ्याने हवेतून आणलेला नाही. बारा वर्षं खासगी मालकाविरुद्धच्या प्रतिकूल कब्जाची, वीस वर्षं खासगी जमिनीवरच्या सुविधाधिकाराची, आणि साठ हा सरकारसाठीचा १९६३ पूर्वीचा आकडा. साठ म्हणणाऱ्या मित्राने बहुतेक घरातलं जुनं पुस्तक वाचलंय. चारही आकडे खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. तिथे पर्याय नसतात, पण घोळ हाच असतो, आणि आपल्या मराठीत तो एका शब्दात लपलेला आहे. तो शब्द म्हणजे वहिवाट. माणूस येतो आणि म्हणतो, ‘मॅडम, आमची तीस वर्षांची वहिवाट आहे.’ माझा पहिला प्रश्न असतो, वहिवाट कशाची? तुम्ही ती जमीन धरून बसला होता, की तिच्यावरून येत-जात होता? शेत कसणाऱ्याचीही वहिवाट आणि वाटेने चालणाऱ्याचीही वहिवाट, असं आपण सर्रास बोलतो. कायद्यासाठी मात्र ही दोन वेगळी जगं आहेत.

जमीन धरून बसणं, मालकाला बाहेर ठेवून, उघडपणे, ‘ही माझी’ म्हणून, हा प्रतिकूल कब्जा. यात दावा मालकीचा असतो. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाणं, पाणी नेणं, आपल्या खिडकीला त्याच्या बाजूने उजेड घेणं, हा सुविधाधिकार, ज्याला कोर्टात सगळे ईझमेंटच म्हणतात. यात जमीन दुसऱ्याची आहे हे तुम्ही मान्यच केलेलं असतं, मागणी फक्त तेवढ्या वापराची असते. पहिल्याचं घर म्हणजे १९६३ चा मुदतीचा कायदा, त्यातला अनुच्छेद ६५ आणि कलम २७. दुसऱ्याचं घर आपल्याकडे १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा, त्याचं कलम १५.

‘आपल्याकडे’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. मुदतीच्या कायद्यातही कलम २५ आहे आणि त्यातही वीस वर्षांचा सुविधाधिकार लिहिलेला आहे. पण त्याच कायद्याचं कलम २९ चं चौथं पोटकलम सांगतं की जिथे १८८२ चा कायदा लागू आहे, तिथे कलम २५ आणि २६ लागू नाहीत. मध्य प्रांतात तो कायदा सुरुवातीपासून होता, आणि मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. त्यामुळे साताऱ्याचा किंवा रत्नागिरीचा माणूस आपल्या वाटेसाठी कलम २५ चा आधार घेऊ लागला, तर आकडा बरोबर आणि कायदा चुकीचा अशी गंमत होते. पेपरात ‘कोणत्या तरतुदीनुसार’ असं विचारलं की हा सापळा आहे हे ओळखा.

आता एक उदाहरण घेऊन बसू. माणसं काल्पनिक आहेत, तारखा मी हिशेबासाठी ठरवल्या आहेत. पण असं भांडण तुमच्या गावात नाही असं कोणी म्हणणार नाही.

एका गावात दोन शेतं लागून आहेत. वरच्या शेताच्या मालकाला आपण वरचे काका म्हणू, खालच्याला खालचे भाऊ. वरच्या शेतातून गावरस्त्याला यायचं तर खालच्या भाऊंच्या शेतातून आठ फुटी गाडीवाट जवळची. दुसरी वाट ओढ्याला वळसा घालून आहे, लांबची, पण आहे. काकांची बैलगाडी आणि नंतर ट्रॅक्टर जून १९९० पासून रोज या जवळच्या वाटेने जातो. खालचे भाऊ मुंबईला कामाला. त्यांनी कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही.

जानेवारी १९९९ मध्ये काकांनी आणखी एक गोष्ट केली. बांधाच्या पलीकडे, भाऊंच्या गटातली तीन गुंठे जमीन तारेचं कुंपण घालून आपल्या शेतात घेतली आणि तिथे आंब्याची कलमं लावली. भाऊ दर मे महिन्यात गावी येत, कुंपण बघत आणि परत जात. काका सगळ्यांना सांगत, हा तुकडा आता आमचा.

एप्रिल २०१३ मध्ये भाऊंचा मुलगा शहर सोडून गावी आला. पहिल्याच आठवड्यात त्याने तीन गुंठ्यांचं कुंपण उपटून तो तुकडा आपल्या शेतात घेतला आणि गाडीवाटेवर तार ओढली. काका पारावर खूप बोलले, पण मुलाला एक शब्द लिहून दिला नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टर ओढ्याच्या वाटेने न्यायला लागले. तीन वर्षं गेली. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांनी एकच दावा दाखल केला: तीन गुंठे आमचे आहेत, परत द्या, आणि गाडीवाटेवर आमचा हक्क आहे, तार काढा.

दावा लढण्याआधी तुम्हीच सांगा, काकांचा कोणता हक्क पक्का? गावात विचारलं तर सगळे सांगतील, वाट. वाट तेवीस वर्षं वापरली, तुकडा फक्त चौदा वर्षं धरला. कायदा नेमका उलटा निकाल देतो.

आधी तुकडा बघू. अनुच्छेद ६५ म्हणतो, मालकीच्या आधारावर कब्जा परत मागायचा असेल तर समोरच्याचा कब्जा प्रतिकूल झाल्यापासून बारा वर्षांत दावा करा. घड्याळ सुरू झालं जानेवारी १९९९ ला, कारण त्या दिवशी काकांनी भाऊंना बाहेर ठेवून उघडपणे जमीन आत घेतली. बारा वर्षं पूर्ण झाली जानेवारी २०११ मध्ये. भाऊंनी तोवर काही केलं नाही. मग कलम २७ येतं: मुदत संपली की नुसता दावा बुडत नाही, त्या जमिनीवरचा हक्कच नष्ट होतो. बाकीच्या बाबतीत मुदत संपली तर कोर्टाचा दरवाजा बंद होतो, पण हक्क कागदावर राहतो. उसनवारीचे पैसे तीन वर्षांनंतर कोर्टातून वसूल करता येत नाहीत, पण देणं हे देणं असतंच. जमिनीच्या कब्जाबाबत तसं नाही. जानेवारी २०११ नंतर भाऊंची मालकी संपली आणि ती काकांकडे आली. त्यामुळे एप्रिल २०१३ मध्ये मुलाने कुंपण उपटलं तेव्हा तो आपल्या जमिनीत शिरला नाही, काकांच्या जमिनीत शिरला. काकांना आता स्वतःच्या मालकीवर कब्जा परत मागायला पुन्हा बारा वर्षं आहेत, म्हणजे एप्रिल २०२५ पर्यंत. ऑगस्ट २०१६ चा दावा आरामात मुदतीत आहे.

इथे जुन्या गाइडमधलं एक वाक्य आडवं येतं: ‘प्रतिकूल कब्जा ही फक्त ढाल आहे, तलवार नाही.’ म्हणजे प्रतिवादी बचावात म्हणू शकतो, वादी स्वतः त्यावर दावा लावू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये गुरुद्वारा साहिब प्रकरणात असं म्हटलं होतं. पण ७ ऑगस्ट २०१९ ला रविंदर कौर ग्रेवाल विरुद्ध मनजित कौर या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं. बारा वर्षांत हक्क पक्का झालेला माणूस वादी म्हणूनही येऊ शकतो. २०१९ पूर्वी छापलेला प्रश्नसंच असेल तर ते उत्तर खोडून टाका.

अर्थात हे सगळं काकांना सिद्ध करावं लागेल. कब्जा कोणत्या दिवशी सुरू झाला, भाऊंना तो दिसत होता का, काका तो मालक म्हणूनच करत होते का. कर्नाटक वक्फ मंडळाच्या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितलं: कब्जा कधीपासून, कशा स्वरूपाचा, मालकाला ठाऊक होता का, हे दावा करणाऱ्यानेच दाखवायचं. आणि काकांनी २००५ मध्ये भाऊंना एखादं पत्र टाकलं असतं, ‘तो तुकडा आम्हाला विकत द्या’, तर त्या एका ओळीने दावा खचला असता. दुसऱ्याला मालक मानून विकत मागायचं आणि त्याच वेळी मीच मालक म्हणायचं, हे जमत नाही.

आता वाट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण परीक्षार्थी आणि पक्षकार दोघेही इथेच पडतात.

कलम १५ म्हणतं की वापर शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून, सुविधाधिकार म्हणून, खंड न पडता वीस वर्षं झालेला हवा. जून १९९० ते एप्रिल २०१३ म्हणजे बावीस वर्षं दहा महिने. वीसची अट पूर्ण. बहुतेक जण इथे पुस्तक मिटतात. पण कलमाचा शेवटचा भाग वाचायचा राहतो: ही वीस वर्षं म्हणजे ज्या दाव्यात हा हक्क वादात आला, तो दाखल होण्याच्या लगतच्या दोन वर्षांच्या आत संपणारी वीस वर्षं. म्हणजे आयुष्यातली कुठलीही वीस वर्षं चालत नाहीत. दाव्याच्या तारखेपासून मागे दोन वर्षं मोजा; तुमचा वीस वर्षांचा काळ त्या दोन वर्षांत कुठेतरी संपायला हवा.

कायद्यानेच दिलेलं उदाहरण छान आहे. दावा १८८३ चा, आणि वापर सिद्ध झाला १ जानेवारी १८६२ पासून १ जानेवारी १८८२ पर्यंत. वीस वर्षं पूर्ण, आणि ती दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांत संपली, म्हणून वादी जिंकतो. दावा १८८३ ऐवजी १८८५ चा असता तर तीच वीस वर्षं निरुपयोगी ठरली असती.

काकांचा हिशेब लावा. दावा ऑगस्ट २०१६. मागे दोन वर्षं म्हणजे ऑगस्ट २०१४. काकांचा वापर एप्रिल २०१३ मध्येच थांबला होता. काळ दोन वर्षांच्या खिडकीच्या बाहेर संपला. वाट गेली.

कोणी म्हणेल, वापर थांबला कुठे, तार टाकून थांबवला. हा चांगला बचाव आहे आणि त्याला कलम १५ चं दुसरं स्पष्टीकरण उत्तर देतं. दुसऱ्याने घातलेला अडथळा हा लगेच ‘खंड’ ठरत नाही. अडथळा आला, तो कोणी घातला हे तुम्हाला कळलं, आणि तरी तुम्ही तो एक वर्ष मुकाट्याने सोसला, तरच खंड पडला असं धरतात. काकांनी तार बघितली, कोणी ओढली हेही बघितलं, मुलाला नोटीस दिली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून लांबची वाट धरली. एप्रिल २०१४ मध्ये हे वर्ष भरलं. पारावरचं बोलणं तार ओढणाऱ्यापर्यंत पोचलेला विरोध नव्हे. त्यांनी पहिल्या महिन्यातच मुलाला रजिस्टर पोस्टाने नोटीस दिली असती आणि वर्षाच्या आत दावा लावला असता, तर दोन्ही अडचणी उभ्याच राहिल्या नसत्या.

म्हणजे तीन वर्षं गप्प बसण्याचा परिणाम दोन्हीकडे वेगळा झाला. तुकड्याच्या बाबतीत हक्क २०११ मध्येच पूर्ण पिकला होता. नंतर बसले तरी तो तिथेच राहिला. वाटेच्या बाबतीत वीस वर्षं २०१० मध्ये भरली, पण वहिवाटीचा सुविधाधिकार कोर्टात वाद होऊन ठरेपर्यंत कच्चाच असतो. दाव्याच्या दिवशी तो ताजा असावा लागतो. प्रतिकूल कब्जाचं घड्याळ पुढे मोजायचं, कब्जा सुरू झाल्यापासून. सुविधाधिकाराचं मागे मोजायचं, दाव्याच्या तारखेपासून. परीक्षेत तारखा देऊन गणित घातलं की आधी ठरवा, पुढे मोजायचं की मागे.

याच जागी आणखी एक वीस येऊन घोळ करतो. कलम ४७ म्हणतं, सलग वीस वर्षं न वापरलेला सुविधाधिकार नष्ट होतो. मग विद्यार्थी म्हणतो, काकांनी तीनच वर्षं वापरली नाही, हक्क कसा गेला? कलम ४७ हे आधीच मिळालेल्या, पक्क्या हक्काला लागू आहे, उदाहरणार्थ खरेदीखतात लिहून दिलेल्या वाटेला. काकांचा हक्क पक्का झालाच नव्हता.

वाटेला आणखी एका गोष्टीने धोका असतो, आणि तो मला साक्षीपुराव्यात वारंवार दिसतो. उलटतपासात वकील अगदी प्रेमाने विचारतो, ‘काका, तुमचे आणि भाऊंचे संबंध चांगले होते ना? लग्नाचा ट्रक न्यायचा होता तेव्हा तुम्ही त्यांना विचारलं होतं ना?’ काका सज्जन माणूस, म्हणतात, ‘हो, विचारलं की.’ झालं. त्या वीस वर्षांत एकदाही ‘हा आमचा हक्क नाही, तुमची परवानगी हवी’ अशी कबुली दिली असेल तर ‘हक्क म्हणून’ ही अट तुटते. कायद्यात याचंही उदाहरण दिलेलं आहे. आपल्या समाजात, हिंदू असो की मुसलमान, शेजाऱ्याला विचारून करणं हा चांगुलपणा मानतात. कोर्टात तोच चांगुलपणा परवानगी ठरतो. मला हे फारसं न्याय्य वाटत नाही, पण कायदा असा आहे.

आणि काकांनी जास्त हुशारी करून, ‘वाटेची जमीनसुद्धा आमचीच, प्रतिकूल कब्जाने’ असं म्हटलं असतं तर? वाटेवरून चालणं म्हणजे जमीन धरणं नव्हे. भाऊंचा कब्जा त्याने संपत नाही. शिवाय स्वतःच्या जमिनीवर कोणालाही सुविधाधिकार नसतो. मी मालक आहे असं समजून वापर केला, तर तो सुविधाधिकार म्हणून केलेला वापर नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये छापसीभाई प्रकरणात सांगितलं आहे. म्हणून दावा लिहिताना तुकड्याची गोष्ट वेगळी आणि वाटेची वेगळी ठेवावी लागते. दोन्ही एका वाक्यात ‘आमची वहिवाट’ म्हणून कोंबली की प्रतिवादीचं काम सोपं होतं.

काकांना वाटेसाठी आता काय उरलं? गरजेचा सुविधाधिकार म्हणावा, ज्याला वर्षांची अटच नाही, तर दुसरी वाट आहे. लांब असली तरी आहे. तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली अर्ज करून तार काढून घेता आली असती, पण त्याची मुदत अडथळ्यापासून सहा महिने, म्हणजे ऑक्टोबर २०१३. तुकड्यासाठीही विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ चा झटपट मार्ग होता, तोही सहाच महिन्यांचा. आज त्यांच्या हातात महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ उरतं. त्यात तहसीलदार शेताला जायला बांधावरून वाट देऊ शकतात, आणि तिथे वीस वर्षांचा पुरावा लागत नाही, गरज बघतात. ती वाट बांधावरून मिळेल, जुन्या आठ फुटी गाडीवाटेवरूनच मिळेल असं नाही.

सरकारी जमिनीकडे येऊ. इथे आकडा तीस आहे, पण दोन वेगळ्या दारांनी आलेला. सुविधाधिकारासाठी कलम १५ मध्येच सरकारच्या जमिनीला वीसऐवजी तीस लिहिलं आहे. प्रतिकूल कब्जासाठी अनुच्छेद ६५ चे बारा बदलत नाहीत. अनुच्छेद ११२ सरकारला दावा करायला तीस वर्षं देतो. दोन्हीकडे १९६३ पूर्वी साठ होते. नगरपालिका किंवा ग्रामपंचायत मात्र ‘सरकार’ नव्हे. त्यांच्या सार्वजनिक रस्त्यावर कोणी बसलं तर अनुच्छेद १११ ने तीस वर्षं आहेत. त्यांच्या मालकीच्या इतर जमिनीला बाराच. ‘स्थानिक प्राधिकरण’ हा शब्द प्रश्नात दिसला की रस्ता आहे की प्लॉट, हे आधी बघा.

वक्फ जमिनीबाबत तुम्ही विचारणारच, म्हणून थोडक्यात. १९९५ च्या वक्फ कायद्याचं कलम १०७ म्हणायचं, वक्फच्या स्थावर मालमत्तेचा कब्जा मागणाऱ्या दाव्याला मुदतीचा कायदा लागू नाही. म्हणजे कब्रस्तानाच्या जमिनीवर कोणी बारा वर्षं बसला तरी घड्याळच नव्हतं. २०२५ च्या दुरुस्तीने हे उलटलं. ८ एप्रिल २०२५ पासून मुदतीचा कायदा वक्फच्या दाव्यांनाही लागू केला आहे. या दुरुस्ती कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. पण गावच्या मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या विश्वस्तांनी ‘आपल्याला मुदत लागत नाही’ या जुन्या समजुतीवर आता बसून राहू नये.

आणि शेवटी घरातली गोष्ट, जी माझ्या टेबलावर शेतापेक्षा जास्त वेळा येते. वडील वारले, सातबारावर एकट्या भावाचं नाव लागलं, बहीण लग्न होऊन दुसऱ्या गावी. पंधरा वर्षांनी ती शरियतप्रमाणे आपला हिस्सा मागते आणि भाऊ म्हणतो, ‘बारा वर्षं झाली, माझी एकट्याची वहिवाट आहे, तुझा हक्क मुदतीत बुडाला.’ पुन्हा तोच शब्द.

मुस्लिम कायद्यात जन्माने हिस्सा नसतो. वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी सगळे वारस आपापल्या हिश्शाचे मालक होतात. त्यामुळे मृत्यूच्या आधीची वर्षं मोजायची नाहीतच. नंतरची वर्षंही आपोआप मोजली जात नाहीत, कारण एका सहवारसाचा कब्जा सगळ्यांच्या वतीने असतो असं कायदा धरतो. भावाने शेत कसलं, पीक घेतलं, सातबारावर नाव लावलं, एवढ्याने बहीण बाहेर जात नाही. तिला हक्क नाही असं त्याने तिच्या समोर, तिला कळेल असं उघडपणे नाकारलेलं असलं पाहिजे, आणि त्या दिवसापासून बारा वर्षं गेलेली असली पाहिजेत. १९५६ च्या लक्ष्मी रेड्डी निकालापासून हा नियम पक्का आहे.

पण बहिणींनो, याची दुसरी बाजू ऐका. भावाने २०१० मध्ये तुम्हाला नोटीस दिली असेल, ‘तुमचा या जमिनीत काही हिस्सा नाही’, आणि ती तुम्ही सही करून घेतली असेल, तर घड्याळ त्या दिवसापासून चालू आहे आणि ते २०२२ मध्ये संपलं. माहेर तुटू नये म्हणून नोटीस कपाटात ठेवून गप्प बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. अशी नोटीस आली तर तिच्यावरची तारीख आधी बघा.

ही एक चिठ्ठी आली आहे: ‘आमच्या चाळीत एक भाडेकरू ३५ वर्षं आहे. बारा वर्षांपेक्षा जास्त झाली, खोली त्याची झाली का?’ नाही. तो तुमच्या परवानगीने, भाडं देऊन आत आला. त्याचा कब्जा तुमच्याविरुद्ध नाही, तुमच्या हाताखाली आहे. भाडेकरूविरुद्धची मुदत अनुच्छेद ६७ मध्ये आहे, तीही बाराच वर्षं, पण ती भाडेपट्टा संपल्यापासून मोजतात. तुम्ही अजून त्याचं भाडं घेताय ना? मग पट्टा संपलेलाच नाही, आणि बारातलं एक वर्षही सुरू झालेलं नाही.